वाड्याचा मालक पाणी-वीज तोडून बाहेर काढू पाहतोय: काय करावं

प्रश्न: पुण्यात कसबा पेठेतल्या जुन्या वाड्यात आमच्या दोन खोल्या १९७८ पासून भाड्याने आहेत. पावत्या वडिलांच्या नावावर आहेत, ते २०१५ मध्ये गेले. मी आणि आई राहतो. मालकांना वाडा बिल्डरला द्यायचाय. महिनाभर पंप बंद असल्यामुळे वर पाणी चढत नाही. परवा वीजही गेली. मीटर मालकांच्या नावावर आहे. ते म्हणतात, "महावितरणने कापली, माझा काय संबंध?" आईला दवाखान्यात नेलं की मागे कुलूप लावतील अशी भीती वाटते. पोलीस म्हणाले, कोर्टात जा. नक्की काय करू?

ताई, आधी वीज. "महावितरणने कापली" एवढं म्हणून मालकाला सुटता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूला मिळत असलेली अत्यावश्यक सेवा योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय तोडायला मालकाला मनाई आहे. पाणी, वीज, जिन्यातला आणि बोळातला दिवा, लिफ्ट, सफाई हे सगळं त्यात येतं. मालकाने स्वतः तार काढली नसेल, पण त्याने काही केल्यामुळे किंवा करायचं टाळल्यामुळे दुसऱ्या यंत्रणेने पुरवठा तोडला असेल, तर तेही तोडणंच धरतात. तुमच्याकडून विजेचे पैसे घ्यायचे आणि बिल थकवायचं, किंवा मीटर बंद करायचा अर्ज स्वतःच द्यायचा, हे दोन्ही प्रकार यात बसतात.

म्हणून उद्या सकाळी महावितरणच्या उपविभाग कार्यालयात जा आणि वीज कशामुळे तोडली हे लेखी मागा. थकबाकीसाठी तोडायची तर वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती कोणाच्या नावे निघाली, कोणत्या तारखेची, किती रकमेची, हे विचारा. मालकाच्या अर्जावरून तोडली असेल तर त्या अर्जाची तारीख मागा. पुढे कोर्टात हाच कागद सगळ्यात जास्त बोलतो. थकबाकी झेपण्यासारखी असेल तर बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन ती तुम्हीही भरू शकता. पावती जपा आणि पैसे निषेध नोंदवून भरल्याचं मालकाला त्याच दिवशी पत्राने कळवा.

त्याच खेपेत स्वतःच्या नावाने नव्या जोडणीचा अर्ज द्या. खिडकीवरचा माणूस बहुधा मालकाचं ना-हरकत पत्र मागेल, पण ते लागत नाही. कलम २९ मध्येच तशी तरतूद आहे: भाडेकरूने स्वखर्चाने सेवा मागितली तर मालकाचं ना-हरकत पत्र न मागता ती देता येते. वीज कायद्याचं कलम ४३ जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कोणालाही वीज मागण्याचा हक्क देतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात हेच सांगितलं की मालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, अर्जदाराचा जागेत ताबा आहे का एवढंच कंपनीने पाहायचं. अर्जात हे दोन ओळींत लिहा, जुन्या भाडेपावत्या आणि तुमचं आधार जोडा, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्या जागेवरची थकबाकी आधी भरायला सांगू शकतात, त्याची तयारी ठेवा. मधल्या काळात शेजारून किंवा खांबावरून परस्पर तार मात्र ओढू नका. ती वीजचोरी ठरते आणि तक्रारदाराच्या जागी तुम्हीच आरोपी होता.

आता पाणी. इथे आमच्या वाड्याची हकीकत सांगतो, कारण आमची चूक तुम्हाला टाळता येईल. २०१८ च्या मे महिन्यात आम्हा सहा बिऱ्हाडांचं पाणी असंच बंद झालं. महापालिकेचं पाणी खालच्या हौदात येत होतं, पण वरच्या टाकीत चढवणारा पंप मालकाच्या मीटरवर आणि पंपाच्या खोलीला त्याचं कुलूप. "पंप बिघडलाय, माणूस पाठवतो," असं तो तीन आठवडे सांगत राहिला. माझे वडील तेव्हा ८१ वर्षांचे होते, आणि रोज सकाळी मी हौदातून चौदा-पंधरा बादल्या वर नेत होतो.

आम्ही लघुवाद न्यायालयात अर्ज केला, सोबत फोटो लावले, रिकामी टाकी, कोरडे नळ. न्यायाधीशांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी नेमकं कोणत्या तारखेपासून बंद आहे?" अर्जात आम्ही "गेले काही दिवस" असं लिहिलं होतं. सहा घरांनी सहा तारखा सांगितल्या. मालकाला नोटीस न काढताही अंतरिम आदेश देण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण आमचा अर्ज इतका ढिसाळ होता की त्या दिवशी फक्त नोटीस निघाली आणि आठवडा गेला.

त्या आठवड्यात आम्ही तीन गोष्टी केल्या. एक, मालकाला गेलेल्या आणि त्याच्याकडून आलेल्या व्हॉट्सअॅप संदेशांची तारीखवार छापील प्रत काढली. "पंप बिघडलाय" हा त्याचाच पहिला संदेश ९ मेचा होता, म्हणजे तारीख त्यानेच दिली होती. दोन, सकाळी पाणी येतं त्या वेळी एकसंध व्हिडिओ काढला: हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र, मग हौदात धो-धो पडणारं पाणी, मग न थांबता जिन्याने वर आणि घराघरातले कोरडे नळ. पाणी महापालिकेने बंद केलेलं नाही, हे त्याने सिद्ध झालं. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची ठरली. कोर्टाने जागा पाहायला कमिशनर नेमावा असा अर्ज वकिलांनी दिला आणि तो मंजूर झाला. कमिशनरसमोर खोली उघडली तेव्हा पंप धडधाकट निघाला, फक्त स्टार्टरची वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती. अहवालात ते नमूद झालं आणि पुढच्या तारखेला ४८ तासांत पाणी सुरू करण्याचा आदेश झाला.

तुमच्या अर्जात म्हणून तारीख पहिल्या परिच्छेदात असू द्या. पंप बंद झाल्यावर मालकाशी पहिलं बोलणं कधी झालं, फोनवर की संदेशातून, हे आज रात्रीच शोधा. उद्या त्याला सविस्तर पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा: अमुक तारखेपासून पाणी नाही, अमुक तारखेपासून वीज नाही, तीन दिवसांत सुरू करा. मग अर्ज आणि प्रतिज्ञापत्र. पुण्यात हे लघुवाद न्यायालयात चालतं. जिथे ते न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायाधीशांकडे जावं लागतं.

कलम २९ ची मर्यादाही माहीत असू द्या. आदेश मोडला तर दंड दिवसाला १०० रुपयांपर्यंतच आहे. सेवा तोडल्याबद्दल खटला चालून दोष सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोट्यवधींचा वाडा विकायला निघालेल्या माणसाला १०० रुपयांची भीती नसते, हे मला पटतं आणि त्याचा रागही येतो. म्हणूनच कोर्टाच्या अर्जासोबत स्वतःची वीजजोडणी आणि स्वतःचा नळ यांचे अर्ज चालूच ठेवा. आपल्या मीटरची वीज मालकाला सहज तोडता येत नाही.

पावत्या वडिलांच्या नावावर असल्याचं दडपण घेऊ नका. मूळ भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. तुम्ही दोघी २०१५ मध्ये तिथेच राहत होतात हे रेशनकार्ड, मतदारयादी, आईचं बँकखातं यांवरून दाखवा. भाडं मात्र एकही महिना चुकवू नका. मालक घेत नसेल तर मनीऑर्डर करा. "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलेला कागद म्हणजे तुमचा पुरावा. भाडं न घेता पुढे थकबाकीचा दावा लावायचा, हा त्यांचा जुना डाव असतो. खरंच थकलं तरी त्यासाठी ९० दिवसांची नोटीस आणि दावा असा वेगळा मार्ग आहे, पाणी तोडणं हा नव्हे.

एक गोष्ट तपासून घ्या. महापालिकेने वाडा धोकादायक ठरवून नोटीस लावली आहे का? तशी नोटीस खरी असेल तर प्रकरण बदलतं आणि वकिलांना ती पहिल्याच भेटीत दाखवायला हवी.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक वाक्य: अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणारे बहुधा या कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसतात, त्यामुळे त्यांनी कलम २९ वर विसंबू नये, दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा.

आता कुलूप. १९८९ मध्ये कृष्णा राम महाले यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्थिर ताबा असलेल्या माणसाला, त्याचा हक्क संपला असं गृहीत धरलं तरी, मालकाने कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढायचं. म्हणून सेवा परत मिळण्याच्या अर्जासोबत वकिलांकडून मनाई हुकमाचीही मागणी करा. पोलिसांनी "कोर्टात जा" म्हटलं ते पाणी-विजेपुरतं एक वेळ समजू शकतं. दाराला कुलूप लावून तुम्हाला आत जाऊ न देणं किंवा तुमच्या खोलीत घुसून सामान हलवणं वेगळं. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम १२६ (अन्यायाने अटकाव) आणि कलम ३२९ (गृह-अतिक्रमण) लावा, अशी लेखी मागणी करा. आजच ठाण्यात "कुलूप लावण्याची धमकी आहे" असा अर्ज देऊन पोच घ्या.

तरी कुलूप लागलंच तर ते स्वतः तोडू नका. दारासमोर उभं राहून ११२ ला फोन करा, पोलीस येईपर्यंत व्हिडिओ चालू ठेवा, शेजारच्या दोघांची नावं लिहून घ्या आणि दुसऱ्याच दिवशी कोर्ट गाठा. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली ताबा परत मागायला सहा महिने मिळतात आणि त्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही, ताबा कोणाचा होता एवढंच पाहतात.

आईंच्या दवाखान्याच्या दिवशी घर रिकामं ठेवू नका. भाऊ, मावशी, मैत्रीण, कोणीतरी आत बसलेलं असू द्या. निघताना उघड्या दाराचा, चुलीपासून कपाटापर्यंत सगळ्या सामानाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढून तो नात्यातल्या एकाला पाठवून ठेवा, म्हणजे वेळ आणि तारीख आपोआप नोंदली जाईल. मूळ पावत्या, मृत्यूचा दाखला आणि आईंचं औषधपाणी एका पिशवीत घालून ती सोबत न्या. आमच्या वाड्यातल्या एका बिऱ्हाडाच्या सगळ्या पावत्या बंद दाराआड राहिल्या होत्या, आणि त्यांना ताबा सिद्ध करायला दीड वर्ष लागलं.