सामाईक खर्चाला एकच मोजपट्टी लावू नये

प्रश्न: आमच्या दुकानात तीन विभाग आहेत. विभागवार नफा-तोटा काढताना भाडे, वीजबिल आणि सामाईक नोकरांचा पगार सगळेच क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटले तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. भाडे क्षेत्रफळावर वाटणे योग्य आहे, कारण भाडे जागेचेच असते. वीज आणि पगार मात्र जागेमुळे लागत नाहीत. प्रत्येक खर्च ज्या कारणाने वाढतो, त्याच कारणाच्या प्रमाणात तो वाटला पाहिजे.

सिंहगड रस्त्यावरील एका दुकानाचे हिशेब मी पाहत होतो. दोन हजार चौरस फुटांपैकी किराणा आणि भांडी यांच्याकडे प्रत्येकी ९०० आणि दूध-आइस्क्रीमच्या थंड विभागाकडे २०० चौरस फूट जागा होती. विभागातील विक्रेत्यांचा पगार वजा केल्यावर किराणा महिन्याला १,८०,००० रुपये, थंड विभाग ७२,००० आणि भांडी १,२०,००० रुपये मिळवून देत असे. सामाईक खर्च तीन लाखांचा होता: भाडे १,५०,०००, वीज ६०,००० आणि कॅश काउंटर, पिशव्या भरणारी मुले व रखवालदार यांचा पगार ९०,०००. मालकांच्या भागीदारांनी हे तीनही लाख क्षेत्रफळावर वाटले, भांडी विभागावर १,३५,००० रुपये टाकले आणि पंधरा हजारांच्या तोट्यामुळे तो विभाग बंद करावा असा आग्रह धरला. थंड विभाग मात्र ४२,००० रुपये नफ्यात दिसत होता. ‘सगळ्यांना एकच नियम, म्हणजे कोणाची तक्रार नको,’ असे ते म्हणत. मला हा युक्तिवाद तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही.

मी डीप फ्रीझर आणि चिलर यांच्या वायरिंगवर स्वतंत्र सबमीटर बसवून घेतला. दिवे आणि पंखे रात्री बंद होतात, पण फ्रीझर चोवीस तास चालू असतात. त्या एका मीटरवर साठ हजारांपैकी ४२,००० रुपयांची वीज निघाली. उरलेले अठरा हजार दिवे, पंखे आणि वातानुकूलनाचे होते. ते क्षेत्रफळावर वाटले. पगारासाठी मी बिलिंगच्या नोंदींतून प्रत्येक विभागाच्या बिलांतील ओळी मोजल्या, कारण काउंटरवरचे काम विक्रीच्या रकमेने वाढत नाही, नगांच्या संख्येने वाढते. मोठा कुकर एका ओळीत संपतो. तेवढ्याच रकमेच्या किराण्याला पंधरा-वीस ओळी लागतात. ओळींचे प्रमाण किराणा ७०, थंड २० आणि भांडी १० टक्के आले. रखवालदाराला ही मोजपट्टी नेमकी लागू पडत नाही, पण त्याची रक्कम लहान असल्याने मी ती वेगळी काढली नाही.

नव्या वाटणीनुसार भांड्यांवर भाड्याचे ६७,५००, विजेचे ८,१०० आणि पगाराचे ९,००० रुपये, म्हणजे एकूण ८४,६०० रुपये आले आणि तो विभाग ३५,४०० रुपये नफ्यात निघाला. थंड विभागावर विजेचेच ४३,८०० रुपये पडल्याने त्याला ४,८०० रुपयांचा तोटा दिसला. दुकानाचा एकूण नफा दोन्ही वेळा ७२,००० रुपयेच होता. बदलली ती फक्त वाटणी, आणि बंद करण्यासाठी निवडलेला विभाग चुकीचा होता हे उघड झाले.

म्हणून थंड विभाग तरी बंद करावा का? तेही नाही. तो बंद केला तर फ्रीझरचे ४२,००० वाचतील, पण ७२,००० जातील आणि त्याच्या वाट्याचे भाडे गाळामालकाला द्यावेच लागेल. दुधासाठी रोज येणारे गिऱ्हाईक किराणाही नेते, ही गोष्ट त्यात धरलेलीही नाही. भांडी बंद झाली असती तर १,२०,००० रुपये गेले असते, वाचली असती फक्त थोडी वीज, आणि नफ्यातले दुकान सरळ तोट्यात गेले असते. वाटलेल्या खर्चावरून विभाग बंद करण्याचा निर्णय घेणाऱ्यांशी माझा कायमचा मतभेद आहे. त्या निर्णयासाठी फक्त टळणारा खर्च पाहावा.

आपल्याकडे सबमीटर नसेल, तर उपकरणाच्या पाटीवरील वॅट गुणिले चोवीस तास असा हिशेब करू नका. कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो, त्यामुळे तो आकडा फुगतो. प्लगला लावण्याचा मीटर आठवडाभर ठेवून खरी युनिटे पाहा, आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा मोजा, कारण उन्हाळ्यातले प्रमाण वेगळे येते. दर्शनी जागा आणि मागची जागा यांच्या दरात फार फरक असेल, तर क्षेत्रफळालाही भार द्यावा लागेल. वरच्या दुकानात तशी गरज नव्हती. कर्जाचे व्याज आणि लेखापरीक्षकांचे शुल्क विभागांत वाटूच नका, ते दुकानाच्या सर्वसाधारण नफा-तोटा खात्यात ठेवा. ठरलेली प्रमाणे १ एप्रिलला लिहून काढून वर्षभर तीच वापरा. जागा किंवा उपकरणे बदलली तरच मध्ये बदल करा.