स्लॅबच्या आधी हात का आखडतो?

प्रश्न: ४० लाखांचं बंगल्याचं काम घेतलंय. मालकाचे हप्ते टप्प्याटप्प्याने येतात. हिशोबात नफा दिसतो, पण स्लॅबच्या सुमारास दुकानदाराला द्यायला पैसे नसतात. आधीच अंदाज कसा बांधायचा?

उत्तर: महिन्याचा हिशोब मांडू नका, आठवड्याचा मांडा. मजुरांची खर्ची दर शनिवारी द्यावीच लागते, त्यामुळे महिन्याच्या बेरजेत मधला खड्डा झाकला जातो. दुसरं म्हणजे हप्ता ज्या आठवड्यात 'देय' होतो तिथे लिहू नका. खात्यात जमा होईल त्या आठवड्यात लिहा. मालकाचं गृहकर्ज असेल तर स्लॅब भरल्यावर बँकेचा माणूस पाहणी करणार, मग रक्कम सुटणार. मी त्यासाठी तीन आठवडे धरतो.

तुमच्याच आकड्यांवर एक स्लॅब मांडून बघू. स्लॅबचा हप्ता २० टक्के, म्हणजे ८ लाख, आणि सुरुवातीला हातात साडेतीन लाख आहेत असं समजा. पहिल्या आठवड्यात खर्ची ६० हजार आणि सिमेंटची मागची उधारी ९० हजार, उरले २ लाख. दुसऱ्यात पुन्हा ६० हजार खर्ची, आणि स्टील पंधरा दिवसांच्या उधारीवर येतं. उरले १ लाख ४० हजार. तिसऱ्यात स्लॅब. तयार काँक्रीटचे १ लाख ४० हजार आगाऊ आणि मजुरी ७० हजार, म्हणजे ७० हजार कमी पडले. चौथ्यात स्टीलवाल्याचे १ लाख २० हजार आणि खर्ची ४० हजार. पाचव्यात सेंटरिंगवाल्याचे ८० हजार आणि खर्ची ४० हजार. इथे खड्डा साडेतीन लाखांचा झाला. ८ लाख येतात सहाव्यात.

हेच ८ लाख तिसऱ्या आठवड्यात लिहिले, तर कागदावर एकदाही तूट दिसत नाही. तुमचं बहुधा इथेच चुकतंय.

हा खड्डा बहुतेक जण दुसऱ्या साईटच्या ॲडव्हान्सने बुजवतात. मीही एकदा तेच केलं. मग त्या साईटच्या प्लिंथला स्टील आणायला पैसे उरले नाहीत आणि दोन्ही मालकांची बोलणी खाल्ली. तेव्हापासून प्रत्येक साईटचा तक्ता वेगळा ठेवतो. मालकाने तोंडी सांगितलेलं जादा काम त्यात जमेला धरत नाही, त्याचा खर्च मात्र लगेच लिहितो.

खरा उपाय करारातच आहे. स्लॅबचा हप्ता दोन भागांत मागा: निम्मा लोखंड बांधून इंजिनिअरने तपासल्यावर, निम्मा स्लॅब भरल्यावर. वरच्या हिशोबात ४ लाख काँक्रीटच्या आधी आले, तर पाचव्या आठवड्यातही हातात ५० हजार राहतात. बँक अर्ध्या टप्प्याला तयार होईलच असं नाही. तेव्हा पहिला भाग मालकाने स्वतःच्या हिश्श्यातून द्यायचा, हे सही करण्यापूर्वीच बोलून घ्या. काम सुरू झाल्यावर हे मागितलं की मालकाला वाटतं, ठेकेदार अडचणीत आलाय.