आकडा खरा असला तरी वाक्य खोटे असू शकते

प्रश्न : व्हिडिओची स्क्रिप्ट लिहून पूर्ण झाली की पोस्ट करण्याआधी चुकीचे दावे, खटकणारे शब्द आणि उचललेले विनोद तपासण्यासाठी कोणती चेकलिस्ट वापरावी?

माझ्या यादीत आता एकच मोठी पायरी उरली आहे आणि बाकी सर्व तिच्या पोटात येते. स्क्रिप्ट अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवायची ज्याने ती पाहिलेली नाही, कागद त्याच्या हाती द्यायचा नाही, आणि ऐकून झाल्यावर त्याला काय समजले ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावायचे. तो जे सांगेल ते लिहून घ्यायचे आणि तपासायचे ते त्याचे वाक्य, आपले नव्हे. माझ्या तेव्हाच्या सहलेखकाला ही पायरी म्हणजे वेळेचा अपव्यय वाटत असे. त्याचे म्हणणे असे, की प्रत्येक ओळीमागे स्रोत आहे, मग आणखी काय तपासायचे?

आमची स्क्रिप्ट सॉसेजसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाविषयी होती. 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा मांसाची नोंद गट 1 मध्ये केली, म्हणजे माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींमध्ये. धूम्रपानही त्याच गटात आहे. सहलेखकाने लिहिले, ‘जागतिक आरोग्य संघटनेने प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात टाकले आहे. रोज फक्त 50 ग्रॅम, आणि आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो.’ दोन्ही वाक्यांना आधार होता. मी ती वाचली, मूळ निवेदनाशी ताडून पाहिली, बरोबर अशी खूण केली आणि व्हिडिओ गेला. ती खूण माझी होती, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो आहे.

दोन दिवसांनी एका प्रेक्षक स्त्रीचा निरोप आला. तिच्या वडिलांना आतड्याचा कर्करोग झाला होता. व्हिडिओ पाहून ते तिला म्हणाले होते, ‘म्हणजे हे मीच ओढवून घेतलं का?’

त्यानंतर मी ती स्क्रिप्ट एका मित्राला नुसती ऐकवली. त्याने सांगितलेला सारांश असा होता : ‘सॉसेज खाणं सिगारेट ओढण्याइतकंच वाईट, आणि खाणाऱ्या शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो.’ आम्ही यातले काहीच लिहिले नव्हते, तरी त्याच्यापर्यंत नेमके हेच पोहोचले होते.

गट 1 हा पुराव्याचा भक्कमपणा सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. एखादी गोष्ट कर्करोग निर्माण करते याची खात्री किती आहे, एवढेच त्या गटावरून कळते. संघटनेने त्याच वेळी दिलेल्या स्पष्टीकरणात जगभरचे अंदाज होते : प्रक्रिया केलेल्या मांसाचे प्रमाण जास्त असलेल्या आहारामुळे वर्षाला सुमारे 34,000 कर्करोगमृत्यू, तर तंबाखूमुळे सुमारे 10 लाख. हे स्पष्टीकरण आमच्या समोरच्या निवेदनाच्या सोबतचे होते. आम्ही ते उघडले नाही, कारण आम्हाला हवे ते वाक्य आधीच मिळाले होते.

18 टक्क्यांचे गणितही तसेच आहे. ती वाढ मूळ धोक्याच्या तुलनेत आहे. समजा, शंभर माणसांपैकी पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार होणार असेल, तर रोज 50 ग्रॅम खाणाऱ्या शंभरांमध्ये तो आकडा सहाच्या जवळ जाईल. पाचाचे 18 टक्के म्हणजे 0.9. ‘शंभरात पाचाचे सहा’ हे वाक्य कमी चमकदार आहे यात शंका नाही. पण ऐकणारा ते जसेच्या तसे घरी नेऊ शकतो. म्हणून दाव्यांच्या फेरीत मी प्रत्येक टक्क्यापुढे ‘कशाच्या तुलनेत?’ असे लिहितो, आणि उत्तर त्याच परिच्छेदात नसेल तर टक्का काढून टाकतो. ‘गट’, ‘संबंध आढळला’, ‘पर्यंत’ हे शब्द दिसले की तिथेही थांबतो, कारण कागदावर सावध असलेले हे शब्द ऐकताना गळून पडतात.

खटकणाऱ्या शब्दांसाठी वर्ज्य शब्दांची यादी करून फारसे साधत नाही, असे माझे ठाम मत आहे. आमच्या स्क्रिप्टमध्ये यादीतला एकही शब्द नव्हता. दुखावणारी ओळ होती ‘जिभेचे चोचले शेवटी आतड्याला भोवतात’. शब्द साधे आणि रोजच्या वापरातले. पण कर्ता शोधला की आजारी माणूस दोषी ठरतो. मी आता प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधतो आणि ज्याला तो आजार, ते व्यंग किंवा ते कर्ज आहे तो माणूस समोर बसला आहे असे धरून ती ओळ मोठ्याने म्हणतो. दुसरी घसरणही तिथेच सापडली : पहिल्या पानावर ‘प्रक्रिया केलेले मांस’ होते, चौथ्या पानापर्यंत त्याचे ‘मांस खाणारे’ झाले होते. पदार्थावरची टीका माणसांच्या एका गटावर सरकली होती आणि दावाही त्यासोबत चुकीचा झाला होता, कारण साध्या लाल मांसाचा गट वेगळा, 2अ, आहे, म्हणजे तिथे पुरावा गट 1 इतका भक्कम नाही.

विनोदाचा प्रकार असा घडला. ‘हे संशोधन वाचून मी इतका घाबरलो, की दुसऱ्या दिवसापासून वाचणंच बंद केलं,’ ही ओळ सहलेखकाने दिली आणि आम्ही दोघेही हसलो. दारूच्या दुष्परिणामांवरचा हा विनोद कित्येक दशके फिरतो आहे. आम्ही दारू काढून मांस घातले होते, आणि पहिल्याच दिवशी तीन प्रेक्षकांनी ते दाखवून दिले. शब्द शोधून असा विनोद सापडत नाही. विषय काढून टाकून सांगाडा लिहावा लागतो, म्हणजे ‘वाईट सवयीबद्दल वाचले, सवय सोडण्याऐवजी वाचन सोडले’, आणि तो सांगाडा दोन भाषांमध्ये शोधावा लागतो. याहून खात्रीची खूण कच्च्या मसुद्यात मिळते. स्वतः घडवलेल्या विनोदामागे खोडलेल्या तीन-चार ओळी असतात. जो पहिल्याच मसुद्यात घोटून गुळगुळीत झालेला उतरतो, तो बहुधा कुठेतरी ऐकलेला असतो.

सहलेखकाचा शेवटचा युक्तिवाद असा होता, की चूक निघाली तर खाली दुरुस्तीची टिप्पणी पिन करावी, काम झाले. मला हे तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ चढवता येत नाही. फार तर मधला तुकडा कापता येतो, आणि आमचे ते वाक्य शीर्षकात, थंबनेलवर आणि पहिल्या वीस सेकंदांत होते. त्या वडिलांनी टिप्पण्या उघडल्याच नव्हत्या. आम्ही व्हिडिओ काढून टाकला, नवा केला, आणि त्या वादानंतर एकत्र लिहिणे थांबवले. तेव्हापासून शीर्षक आणि थंबनेलचा मजकूर मी स्क्रिप्टचाच भाग धरतो आणि तो ऐकणाऱ्याला सर्वांत आधी वाचून दाखवतो.

रोज छोटा व्हिडिओ टाकणाऱ्याला एवढे सारे शक्य नाही, हे मान्य आहे. त्याने निदान शीर्षक आणि आकड्यांच्या ओळी तरी कुणाला तरी ऐकवाव्यात. ऐकणारा त्या विषयातला जाणकार नसावा. जाणकार माणूस आपल्या वाक्यातली गाळलेली जागा स्वतःच भरून घेतो आणि चूक तशीच राहते.