टायर नवा की नवा दाखवलेला? वाचकांचे प्रश्न

दुकानदार टायर नवा म्हणतो, पण चार आकड्यांची तारीखच सापडत नाही. पुसली असेल का? (गुहागर)

आधी टायरची दुसरी बाजू बघा. पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो आणि टायर बसवताना ती बाजू आत, गाडीच्या पोटाकडे जाते. बाहेरच्या बाजूला डीओटी ही अक्षरं आणि अर्धाच कोड दिसतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून मोबाइलने चाकाच्या आतल्या बाजूचा फोटो काढला की काम होतं.

शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ४७२३ म्हणजे २०२३ चा सत्तेचाळिसावा आठवडा, नोव्हेंबरचा उत्तरार्ध. काही जण २३१८ वाचून तेवीस तारीख शोधत बसतात, तसं काही नसतं. पहिले दोन आकडे ५३ च्या वर असतील, तर तो कोड कारखान्यातला नाही.

आकड्यांभोवतीची लांबट चौकटही नीट बघा. साचा वर्षानुवर्षं तोच असतो, तारखेचा छोटा धातूचा तुकडा तेवढा बदलत राहतात. त्या तुकड्याच्या कडेची बारीक रेघ रबरावर उमटते. म्हणूनच तारखेच्या आकड्यांचं वळण शेजारच्या अक्षरांपेक्षा वेगळं असू शकतं आणि तेवढ्यावरून संशय घेऊ नका. संशय घ्यायचा तो चौकटीची रेघच नसेल, भोवतीचं रबर घासून गुळगुळीत झालं असेल किंवा आकड्यांच्या कडेला वितळलेल्या रबराची वळी दिसत असेल तर.

'शोरूमच्या गाडीचे काढलेले' म्हणून दोन टायर घेतले. कोड ४७२३, दुकानातल्या गेजने खाच ६ मि.मी. भरली. तरी पावसात घाटात गाडी सरकते. खाचेतल्या आडव्या पट्टीवर गेज ठेवलं तर दीडच मि.मी. येतं. (कुडाळ)

पट्टीवर गेज ठेवलंत हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर तिथेच आहे. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. तिथून सरळ आत गेलं की मोठ्या खाचेच्या तळाशी आडवी पट्टी लागते. कारच्या टायरमध्ये ती तळापासून १.६ मि.मी. उंच असते. टायर झिजून पट्टीच्या पातळीला आला की बदलायचा, यासाठी ती असते.

आता हिशेब करा. पट्टीच्या वर तुमचं रबर दीड मि.मी. उरलं आहे. पट्टीची उंची १.६ मि.मी. म्हणजे कारखान्याने केलेल्या खाचेतली आज उरलेली खोली ३.१ मि.मी. असायला हवी. गेज मात्र ६ दाखवतं. मधले २.९ मि.मी. कुणीतरी गरम पात्याने खाली कोरले आहेत. तारीख बहुधा खरीच असेल, खोटी आहे ती खाच.

तुमच्या टायरवर कोरणाऱ्याने पट्टीपाशी पातं उचललं म्हणून ती शिल्लक राहिली. पुष्कळदा पट्टीच उडते. खांद्यावर त्रिकोण आहे आणि आत पट्टी नाही, हीसुद्धा तितकीच पक्की खूण. बॅटरी लावून तळ बघा. साच्यातून आलेला तळ एकसारखा असतो आणि खाचेच्या भिंती तळाशी गोलाकार मिळतात. कोरलेल्या तळावर पात्याचे ओरखडे असतात, रुंदी कमीजास्त होते आणि कडेला रबराची बारीक फोल निघालेली असते. नक्षीच्या गोट्यांवरच्या केसासारख्या बारीक चिरा मात्र कुणी परत कोरत नाही. त्या झिजून गेल्यामुळेच ओल्या डांबरावर पकड राहिलेली नाही.

घसरण्यापेक्षाही मोठा धोका खाली आहे. खाचेखाली पोलादी तारांच्या पट्ट्यापर्यंत रबराचा थर मुळात काही मिलिमीटरचाच असतो. तो कोरून पातळ झाला की जांभ्याच्या एका टोकदार खड्याने पाणी तारेपर्यंत पोचतं. आपल्या खाऱ्या हवेत तार गंजायला वेळ लागत नाही. मग वरचं रबर तारेपासून सुटतं, टायरला फुगवटा येतो आणि वेगात असताना तो फुटू शकतो. हे दोन्ही टायर आजच उतरवा, स्टेपनीतही ठेवू नका.

रिमोल्ड टायर बघून ओळखता येतो का? नवीन टायरवरचे रबराचे केस त्याच्यावरही होते. (चिपळूण)

केसांवर जाऊ नका. साच्यातून हवा जायला जी भोकं असतात, त्यांतून ते येतात आणि साच्यात भाजलेल्या रिमोल्डवरही येतात. उलट काही नव्या टायरवर ते जवळजवळ नसतात.

नजर खांद्यावर ठेवा. जुनं रबर घासून नवा थर चढवलेला असतो, त्यामुळे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे सगळीकडे फिरणारी सांध्याची रेघ किंवा किंचित पायरी दिसते. तयार पट्टा चिकटवला असेल तर त्याची दोन टोकं जुळतात तिथे नक्षी एका जागी आडवी तुटते. टायर पूर्ण एक फेरा फिरवा, तो जोड एकाच ठिकाणी असतो. बाजूचे त्रिकोण आणि खाचेतल्या पट्ट्या जुळेनाशा होतात, कारण त्रिकोण जुन्या टायरचे आणि नक्षी नव्या साच्याची.

सुटा टायर हाती आला तर बीड बघा, म्हणजे रिमला घट्ट बसणारा तारेचा काठ. नव्या टायरचा काठ कोरा असतो. एकदा रिमवर बसून धावलेल्या टायरवर चकचकीत घासलेली गोल रेघ राहते, कधी उतरवताना लोखंडी पट्टीने ओरबाडल्याची खूणही दिसते. बाजूला काळं पॉलिश मारतात, पण काठ आणि आतली पोकळी सहसा कुणी सजवत नाही. आत पॅच किंवा पंक्चरची वात दिसली तर विषय संपला.

रिमोल्ड ही चीज वाईट नाही. ट्रक आणि एसटीच्या टायरवर रबर चढवणं रीतसर चालतं, आणि असे टायर सहसा मागच्या चाकांना लावतात. तो नवा म्हणून कारच्या गळ्यात मारणं ही फसवणूक.

स्कूटरला नामांकित कंपनीचा टायर निम्म्या किमतीत मिळतोय. नाव बरोबर आहे. खरा असेल का? (मालवण)

नावापेक्षा आयएसआय चिन्ह शोधा. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरला ते सक्तीचं आहे. दुचाकीसाठी मानक आयएस १५६२७, कारसाठी आयएस १५६३३. चिन्हासोबत `CM/L` ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो `BIS Care` ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कशाचा आणि चालू आहे की नाही हे कळतं. नाव वेगळं आलं किंवा मानक दुसऱ्याच वस्तूचं निघालं, तर टायर परत करा.

खऱ्या टायरवरचा क्रमांक उचलून नकली साच्यात टाकता येतो, एवढी या तपासणीची मर्यादा. म्हणून अक्षरांकडेही बघा. चांगल्या साच्यातल्या अक्षरांच्या कडा धारदार आणि सगळीकडे सारख्या उंच असतात. नकलीवर त्या बोथट, मध्येच बसलेल्या असतात आणि साच्याच्या दोन भागांच्या जोडावर जाड कंगोरा राहतो.

टायर न वापरलेला आहे, पण तारीख दोन वर्षांपूर्वीची. घ्यावा? (सावंतवाडी)

सावलीत, सुका आणि रिमशिवाय ठेवला असेल तर हरकत नाही, मात्र किंमत कमी करून घ्या. अंगठ्याने बाजूची भिंत दाबून वाकवा. अक्षरांच्या मुळाशी बारीक चिरा उघडल्या, तर तो दुकानाबाहेर उन्हात टांगलेला होता असं समजा आणि सोडून द्या. वापर कितीही कमी असो, पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी काढावा, असं बऱ्याच कंपन्या सांगतात. हे वय तुम्ही विकत घेतल्याच्या दिवसापासून मोजू नका, कोडमधल्या आठवड्यापासून मोजा.