डायल बदललेलं निघालं, पण मग चार महिने गप्प का बसलात?

प्रश्न: सात महिन्यांपूर्वी जुन्या घड्याळांच्या एका विक्रेत्याकडून १९८४ सालचं ऑटोमॅटिक घड्याळ घेतलं. चॅटवर त्याने "सगळं ओरिजिनल, गेल्याच महिन्यात फुल सर्व्हिस" असं लिहिलं होतं, बिलावर मात्र "जसं आहे तसं, परत घेतलं जाणार नाही" असं आहे. चार महिन्यांपूर्वी घड्याळजीने सांगितलं की डायल आणि काटे नंतर बदललेले आहेत. विक्रेता नुसता "बघतो" म्हणतोय. दरम्यान मी काच बदलून केस पॉलिश करून घेतली. पैसे परत मिळतील का?

उत्तर: पूर्ण पैसे परत मिळणं आता अवघड आहे, आणि त्याला बिलावरची ओळ नाही तर हे चार महिने जबाबदार आहेत. अशी पत्रं मला सारखी येतात आणि प्रत्येकजण "परत घेतलं जाणार नाही" याच वाक्याला घाबरून बसलेला असतो. वस्तूचं वर्णन करून ती विकली तर ती त्या वर्णनासारखीच असली पाहिजे, हे विक्रीच्या कायद्याचं जुनं तत्त्व आहे. "जसं आहे तसं" या शब्दांनी ओरखडे, झीज, काटा मागे पडणं असल्या गोष्टी विक्रेत्याला झटकता येतील, पण स्वतःच लिहिलेलं "सगळं ओरिजिनल" सहसा पुसता येत नाही. म्हणून तो चॅट हीच तुमची खरी वॉरंटी, फोन बदलायच्या आधी तारखेसकट तो सेव्ह करा.

पण वस्तू नाकारायची असेल तर दोष कळल्यावर वाजवी मुदतीत स्पष्ट कळवावं लागतं, आणि तोवर ती आपलीच असल्यासारखी वापरायची नसते. तुम्ही चार महिने घातलंत, वर पॉलिशही केलंत! पॉलिश म्हणजे धातू घासून काढणं, केसच्या धारदार कडा गेल्या की परत येत नाहीत, मग विकलं होतं त्या अवस्थेत ते परत कसं करणार? "बघतो" म्हणजे कबुली नव्हे, आणि त्याने दाव्याची मुदतही सहसा थांबत नाही.

उरतो तो किमतीतल्या फरकाचा दावा, आणि तो मला चांगला वाटतो. फक्त विक्रेता पहिलं काय म्हणेल तर काच बदलताना तुमच्याच घड्याळजीने डायल बदललं. त्याचं उत्तर त्याच्याच फोटोंत आहे. विकताना त्याने पाठवलेले फोटो मोठे करून आजच्या डायलशेजारी ठेवा, एखाद्या अक्षराची फिकी कड, ४ च्या खुणेवर जरा बाहेर आलेला रंग, असं दोन-तीन ठिकाणी जुळलं की ते डायल आधीपासूनच होतं हे दिसतं.

मग अंधारात बघा. त्या काळात चमकणाऱ्या खुणांना बहुतेक ट्रिटियम या किरणोत्सर्गी पदार्थाचा रंग असायचा आणि डायलच्या तळाशी बऱ्याचदा छोटा "टी" छापलेला असायचा. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण १२ वर्षं, म्हणजे ४० वर्षांनी तो जवळपास विझलेलाच असतो. तुमचे काटे आणि खुणा टॉर्च मारल्यावर तासन्तास हिरव्या चमकत असतील तर तो रंग १९८४ चा नाही. डायल कंपनीनेच सर्व्हिसमध्ये बसवलं असेल तर विक्रेता "कंपनीचंच आहे" म्हणेल, तेही खरं असू शकेल, पण कंपनीचं असणं वेगळं आणि त्या घड्याळाचं मूळ असणं वेगळं, त्याने लिहिलं होतं "ओरिजिनल".

सर्व्हिसचं सांगायचं तर बिल मागा, कोणी केली, कधी, कोणते पार्ट बदलले. नसेल तर घड्याळजीकडून टाइमग्राफर या घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राचं रीडिंग लेखी घ्या. पूर्ण चावी देऊन, डायल वर ठेवून, आतलं बॅलन्स चाक किती अंशांत झुलतं ते, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड साधारण २७० ते ३१० अंश असेल तर ठीक, २०० च्या आसपास असेल तर आठ महिन्यांपूर्वीच्या सर्व्हिसवर विश्वास ठेवणं कठीण (आतल्या यंत्रणेनुसार आकडे थोडे हलतात, ते त्याच्याकडूनच लिहून घ्या).

फरक काढायचा तो असा: त्याच मॉडेलची, त्याच काळातली, मूळ डायलची तीन-चार घड्याळं आणि डायल बदललेली तीन-चार घड्याळं प्रत्यक्ष किती रुपयांना विकली गेली ते बघा, मागितलेली किंमत धरू नका. समजा पहिली १०० ला गेली आणि दुसरी ७०, तर तुमचा दावा ३० चा आणि सर्व्हिस खोटी ठरली तर वर तिचा खर्च. पॉलिशमुळे उतरलेली किंमत यात धरू नका, ती तुमची चूक आहे.

नोटीस याच आठवड्यात लेखी पाठवा, चॅटमधलं वाक्य शब्दशः टाका, रक्कम लिहा आणि १५ दिवस द्या. त्याचा हा नेहमीचा धंदा असेल तर ग्राहक म्हणून तक्रारीचा मार्ग बहुधा खुला असतो, घरचं एकच घड्याळ विकणारा असेल तर कदाचित साधा दिवाणी दावा करावा लागेल, आणि तिथे तारखांवर तारखा पडतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त रक्कम देऊन तो मिटवत असेल तर मी घ्या म्हणेन. तोवर घड्याळ कुणालाही उघडू देऊ नका, आणि काच बदलताना निघालेली जुनी काच त्या घड्याळजीकडे अजून पडलेली असेल तर आजच जाऊन घेऊन या.