पहिल्या गिऱ्हाइकांना मुलाखतीसाठी ईमेल कसा लिहावा

सगळ्यांना एकच मजकूर पाठवू नका. जाहिरात समजून तो बाजूला पडतो. एकेकाला, स्वतःच्या नावाने, त्याच्या वापरातली एक गोष्ट धरून लिहा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीमालकाला असं:

"तुम्ही चलनं आमच्या ॲपवर करता, स्टॉक मात्र वेगळा ठेवता. तो कसा ठेवता, हे समजून घ्यायचं आहे. मंगळवारी चारला किंवा गुरुवारी अकराला फोनवर २० मिनिटं बोलू या का? मराठी, कन्नड, काहीही चालेल. विक्रीचं काही नाही."

नुसतं 'अभिप्राय द्या' लिहिलंत तर 'छान आहे' एवढंच परत येतं. प्रश्नावली जोडू नका. लोक तीच भरून मोकळे होतात आणि बोलणं राहतं. उत्तर आलं नाही तर चार दिवसांनी त्याच ईमेलला जोडून दोन ओळींची आठवण द्या, तीही एकदाच.