मागच्या तारखेचं बिल मागणाऱ्या ग्राहकाला नाही कसं म्हणू?

"डिझाइनचं काम मार्चमध्ये संपलं, बिल 6 एप्रिलला काढलं. ग्राहक म्हणतो, 31 मार्चची तारीख टाका. न दुखावता नाही कसं म्हणू?"

मी असा मेसेज टाकतो: "साहेब, एप्रिलपासून बिलांचे नवे नंबर सुरू झालेत, आता मार्चची तारीख टाकता येणार नाही. बिलावर ‘काम मार्चमध्ये पूर्ण’ असं स्पष्ट लिहून देतो."

त्यांना खरं तर तारीख नको असते, खर्च मार्चमध्ये दाखवायचा असतो. त्यासाठी त्यांचे अकाउंटंट 31 मार्चला तरतुदीची नोंद करू शकतात. बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

जीएसटीत सेवेचं बिल साधारणपणे काम झाल्यापासून 30 दिवसांत काढता येतं, म्हणजे काम 7 मार्चला किंवा त्यानंतर संपलं असेल तर उशीर तुमचाही नाही. माल असता तर गोष्ट वेगळी. तिथे बिल मालाबरोबरच निघायला हवं.